सिंगापूरच्या आठ तासांतले अडीच तास

मुंबईहून मेलबर्नला मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांच्या तिकिटावर बरेचदा सिंगापूरचा थांबा असतो. रात्री निघालेलं विमान सकाळी चांगी विमानतळावर उतरतं आणि पुढचं विमान दुपारी किंवा संध्याकाळी असतं. हे मधले तास खुर्चीत पेंगत काढायचे की शहर बघून यायचं? चांगीसारख्या विमानतळावरून शहरात जाणं खरोखर शक्य आहे. मात्र तिकिटावर दिसणारे आठ तास शहरासाठी मिळत नाहीत. किती मिळतात, हे हिशोब उलटा मांडला की कळतं.

त्याआधी व्हिसाचं बघू. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला एरवी व्हिसा लागतो, पण मधल्या थांब्यासाठी ९६ तासांची सवलत आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एका देशाचा वैध व्हिसा हवा आणि ९६ तासांच्या आत पुढे जाणारं पक्कं तिकीट हवं. यादी एवढीच आहे. फ्रान्सने दिलेला शेंगेन व्हिसा युरोपभर चालतो, पण इथे चालत नाही. शिवाय सिंगापुरात शिरण्याच्या दिवशी त्या व्हिसाची किमान एक महिन्याची मुदत शिल्लक असावी लागते. जाताना ही अडचण सहसा येत नाही. पण मुलाकडे व्हिसाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत राहून परतणाऱ्यांनी येतानाच्या थांब्यावर भटकंती ठरवण्याआधी नियम पुन्हा वाचावेत. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, म्हणून मंजुरीच्या पत्राची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी. आणि सवलत म्हणजे हक्क नव्हे. आत सोडायचं की नाही, हे खिडकीवरचा अधिकारी ठरवतो.

विमानतळाबाहेर पडायचं असेल तर आगमनाचा ऑनलाइन अर्जही भरावा लागतो. त्याचं नाव SG Arrival Card. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तो ica.gov.sg या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, हे ओळखावं आणि बंद करावी.

आता सामान. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर मुंबईच्या काउंटरवर मोठ्या बॅगांना लावलेल्या पट्टीवर MEL लिहिलंय ना, हे स्वतः वाचून घ्यावं. तिथे SIN असेल तर बॅग सिंगापूरच्या पट्ट्यावर येऊन पडेल आणि ती उचलून पुन्हा जमा करण्यात शहराची वेळ संपेल. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच होतं. बॅग घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडावंच लागतं, म्हणजे व्हिसाची अट टळत नाही, आणि पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहावं लागतं. अशा वेळी शहराचा बेत सोडलेला बरा.

राहिलं हातातलं सामान. सात-आठ किलोची बॅग दमट उकाड्यात ओढत फिरण्यात काही अर्थ नाही. चांगीवर पैसे देऊन सामान ठेवून घेणारे काउंटर आहेत आणि ते इमिग्रेशनच्या अलीकडेही आहेत, पलीकडेही. पुढचं विमान त्याच टर्मिनलवरून असेल तर आतल्या काउंटरवर बॅग ठेवणं सोयीचं, कारण परत येऊन इमिग्रेशन झालं की ती वाटेतच मिळते. टर्मिनल वेगळं असेल तर बॅग कुठल्या बाजूला ठेवली, हे पावतीवर लिहून घ्यावं. पासपोर्ट, पुढचा बोर्डिंग पास, औषधं आणि पैसे मात्र अंगावरच हवेत.

आपल्याकडच्या प्रवाशांना आवर्जून सांगायला हवं असं आणखी एक आहे. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की पिशवीतल्या वस्तूंना सिंगापूरचे कायदे लागू होतात. खाण्याची तंबाखू तिथे बंद आहे. ई-सिगारेटवर कडक कारवाई होते. अनारशांसाठी नेलेली खसखशीची पुडीसुद्धा बिनापरवाना आत नेता येत नाही. या गोष्टी घरीच ठेवाव्यात.

आता उलटा हिशोब. समजा, विमान सकाळी ८ वाजता उतरतं आणि पुढचं दुपारी ४ वाजता सुटतं. गेटवर ३ वाजता असायचं ठरवा. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलवर हातातल्या सामानाची तपासणी थेट गेटपाशी होते. इमिग्रेशन पटकन झालं म्हणून लोक दुकानांत रमतात आणि खरी रांग शेवटी भेटते. म्हणून विमानतळाच्या स्टेशनवर २ वाजता उतरायला हवं. शहरातून मेट्रोने यायला साधारण ४० मिनिटं लागतात. स्टेशनपर्यंतची पायपीट धरून तिथून १ वाजता निघावं. इकडे उतरल्यावर इमिग्रेशन, सामान ठेवणं, स्टेशन गाठणं यात ९.३० होतात आणि शहरात पोहोचेपर्यंत १०.३०. म्हणजे आठ तासांतले शहराचे अडीच.

या अडीच तासांत एकच परिसर नीट बघावा. विमानतळाच्या स्टेशनवरून निघून तानाह मेराह इथे गाडी बदलायची आणि रॅफल्स प्लेसला उतरायचं. तिथून नदीकाठाने चालत, १९२८ सालच्या जुन्या टपाल कार्यालयाच्या, म्हणजे आताच्या फुलर्टन हॉटेलच्या बाजूने मर्लायनच्या पुतळ्यापर्यंत जाता येतं. समोर मरीना बेचं पाणी आणि पलीकडे तीन मनोऱ्यांवर आडवं ठेवलेलं मरीना बे सँड्स. परतीच्या वाटेवर लाऊ पा सात या जुन्या खाद्यबाजारात जेवण होतं. ऑर्चर्ड रोडची खरेदी, लिटल इंडिया आणि गार्डन्स बाय द बे हे सगळं एकत्र कोंबू नये. गाड्यांच्या बदलाबदलीतच वेळ जातो.

पहिलं विमान दीड तास उशिरा आलं, तर तो दीड तास शहराच्या वाट्यातून कापायचा. परतीसाठी राखलेल्या वेळेला हात लावायचा नाही. तसा हिशोब करता शहरासाठी एकच तास उरतो, म्हणजे जाऊ नये. पुढचं विमान स्वतःच्या भटकंतीमुळे चुकलं तर जोडविमान चुकल्याची भरपाई मिळत नाही, बॅगा उतरवल्या जातात आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो. फोन नेटवर्क मिळताच स्थानिक वेळ दाखवतो, पण मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच चालतं आणि सिंगापूर अडीच तास पुढे आहे. विमानातच काटे फिरवून घ्यावेत.

एकट्याने जायचा धीर होत नसेल तर साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असणाऱ्यांसाठी विमानतळाची फुकट शहरफेरी आहे. ती सुमारे अडीच तासांची असते आणि वेळेत परत आणून सोडते. नोंदणी आधी ऑनलाइन करता येते. मात्र इमिग्रेशन ओलांडण्याआधी तिच्या काउंटरवर हजर व्हायचं असतं. व्हिसाची अट इथेही तीच. चाळीस मीटरचा धबधबा असलेलं ज्वेल विमानतळाचाच भाग वाटतं, पण तेही इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसाची सवलत बसत नसेल तर तिथेही जाता येत नाही. अशांनी आतली बाग बघावी. टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग आतच आहे आणि तिला तिकीट नाही.