लिफ्टशेजारची सूचना

'सर्व सन्माननीय सभासदांस याद्वारे कळविण्यात येते की, इमारतीमध्ये आग अथवा तत्सम आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास रहिवाशांनी घाबरून न जाता, संयम राखून, उपलब्ध असलेल्या नजीकच्या सुरक्षित मार्गाचा अवलंब करून शक्य तितक्या लवकर इमारत रिकामी करण्याचे सहकार्य करावे...'

ही एका सूचनेची नुसती सुरुवात. पुढे अग्निशामक सिलिंडर कसा वापरावा, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कोणाची, लिफ्टबद्दल एक वाक्य, मग सचिवांची सही आणि शिक्का. नमुना मी रचलेला आहे, पण अशा नमुन्याची सूचना कोणत्याही सोसायटीच्या फलकावर सापडेल. पाणीकपातीची नोटीस आणि गणपतीच्या वर्गणीची यादी यांच्या मधोमध ती लावलेली असते.

ही छोटी करायची म्हटले की पहिला विचार शब्द कापण्याचा येतो. पण वरचे वाक्य पुन्हा वाचा. 'नजीकच्या सुरक्षित मार्गाचा' म्हणजे नक्की कोणत्या? हे लिहिणाऱ्याने ठरवलेलेच नाही, म्हणून वाक्य लांबले आहे. 'शक्य असल्यास', 'आवश्यकतेनुसार', 'योग्य त्या ठिकाणी' हे शब्द जिथे दिसतील तिथे समितीचा एकेक निर्णय राहून गेलेला असतो. आणि तो निर्णय धुरात उभ्या असलेल्या माणसाने घ्यावा, अशी अपेक्षा असते. सूचना आखूड करण्याचे खरे काम निर्णय घेण्याचे आहे. ते झाले की शब्द आपोआप कमी होतात.

एक इमारत धरू. अठरा मजले, लिफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक जिना, आणि आपण अकराव्या मजल्यावर आहोत. पहिला निर्णय असा, की लिफ्टसमोर उभ्या माणसाला आधी कोणता जिना दाखवायचा? इथे रोजची सवय आडवी येते. संकटात माणूस ओळखीच्या वाटेकडे वळतो. आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ साली आग लागली आणि पन्नास माणसे गेली. त्या आगीचा अभ्यास जोनाथन साइम या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने केला. माणसे ओळखीच्या दाराकडे आणि आपल्या माणसांकडे धावतात, असे त्याने दाखवून दिले. आपल्या उंच इमारतींत ओळखीची वाट म्हणजे लिफ्ट. जिना कुठे आहे हे वर्षानुवर्षे राहणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. म्हणून 'लिफ्ट वापरू नका' एवढे पुरत नाही. त्याआधी जिना कुठे आहे ते बाणासकट सांगावे लागते. नुसती मनाई केली तर माणूस तिथेच उभा राहतो.

दुसरा निर्णय, त्या जिन्यात धूर असेल तर? आपल्याकडे दुसरा जिना आहे, तो दाखवायचा. दोन्हीकडे धूर असेल तर घरात परत जाऊन दार लावायचे, फटीत ओले कापड कोंबायचे, १०१ला फोन करायचा आणि खिडकीपाशी थांबायचे. ही गोष्ट मात्र मी लिफ्टशेजारी लिहिणार नाही. ती घरात करायची आहे, म्हणून ती प्रत्येक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला हवी. सिलिंडरची पिन कशी ओढायची हे सिलिंडरवरच छापलेले असते. जो मजकूर जिथे लागतो तिथे पाठवला की फलकावरचा अर्धा भार उतरतो.

तिसरा निर्णय, खाली उतरून जमायचे कुठे. ही ओळ लोक सर्वात आधी कापतात आणि मला ते पटत नाही. समरलँडमध्ये मुले एका मजल्यावर आणि आईवडील दुसऱ्यावर, असे झाले. मुलांना शोधायला निघालेले पालक गर्दीच्या उलट दिशेने गेले. मूल कुठे भेटेल हे आईला ठाऊक असेल, तर ती पुन्हा वर चढायची शक्यता कमी होते. मात्र जागा नाव घेऊन सांगायला हवी. 'मोकळ्या जागेत' म्हटले तर पार्किंगही मोकळीच जागा असते, आणि तिथेच अग्निशमन दलाची गाडी येऊन उभी राहणार असते.

'घाबरू नका' हे शब्द बिनदिक्कत काढावेत. ते वाचून कोणाची भीती कमी होत नाही. शिवाय आगींच्या अभ्यासात वारंवार दिसले आहे ते वेगळेच. बेभान धावपळ फार क्वचित होते, खरा घात होतो तो उशिराने. माणसे बेल वाजल्यावर खात्री करत बसतात, पाकीट शोधतात, शेजाऱ्याला विचारतात. अशा माणसाला धीर नको, काय करायचे ते हवे.

मग अकराव्या मजल्यावरची सूचना अशी होते :

आग लागली तर
← या जिन्याने खाली उतरा
तिथे धूर असेल तर दुसरा जिना →
लिफ्ट वापरू नका
गेटबाहेर पिंपळाच्या पारापाशी थांबा
फोन १०१. सांगा : 'बी विंग, ११वा मजला' आणि इमारतीचा पत्ता

शेवटच्या ओळीत पत्ता पूर्ण लिहायचा. फोन करणारा कुरिअरवाला असू शकतो, पाहुणा असू शकतो. मजल्याचा आकडाही मोठा हवा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशी अहवालाने ज्या शिफारशी केल्या त्यांत दोन साध्या होत्या : उंच इमारतीत प्रत्येक मजल्याचा आकडा जिन्यात आणि लिफ्टपाशी ठळक लिहावा, आणि सूचना तिथल्या रहिवाशांना कळेल अशा स्वरूपात द्याव्यात.

आता घात होतो तो छपाईत. फ्लेक्सवाल्याला एकच मजकूर दिला जातो आणि त्याच्या अठरा प्रती निघतात. मजल्याचा आकडा चुकतोच, पण समोरच्या भिंतीवर लावलेल्या प्रतीत बाणही उलटा होतो. नकाशा असेल तर तो वाचणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने फिरवलेला हवा. म्हणजे नकाशातला डावा जिना खरोखर त्याच्या डाव्या हाताला असला पाहिजे. म्हणून प्रत्येक प्रत भिंतीवर धरून तपासावी, टेबलावर नाही.

अक्षरांबद्दल ढोबळ नियम असा, की वाचायच्या अंतराला दोनशेने भागावे. तीन मीटरवरून वाचायचे तर अक्षर किमान दीड सेंटिमीटर उंच. देवनागरीत मी त्याहून मोठे घेईन, कारण फार जाड टाइपात घ आणि ध, म आणि भ अंधुक उजेडात सारखे दिसू लागतात. वरच्या-खालच्या मात्रांसाठी ओळींत जास्त जागाही सोडावी लागते. सुटकेची वाट हिरव्यात, मनाई लाल वर्तुळात, हे संकेत बहुतेक देशांत तेच आहेत. धावणाऱ्या हिरव्या माणसाचे चित्र टाकले तर मराठी न वाचणाऱ्याचीही सोय होते. फलक लावायचा लिफ्टच्या बटनाच्या वर, कारण वाट पाहताना नजर तिथेच असते.

चाचणी सोपी आहे. इमारतीत पहिल्यांदा आलेल्या कोणाला तरी सूचना पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा : कुठे वळणार, थांबणार कुठे? पहिल्या प्रश्नाला हात लगेच उठला पाहिजे. तो अडखळला तर बाण लहान आहे किंवा ओळी जास्त आहेत. एक ओळ काढून पुन्हा विचारा. जिने उतरू न शकणाऱ्यांची सोय मात्र या फलकात बसत नाही. त्यांची नावे आणि त्यांच्या मदतीला कोण जाणार, ही यादी सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये हवी आणि घर बदलले की ती बदलायला हवी.