कचऱ्याची गाडी आणि सरकारी धोरण : नारेगावचा मसला कसा पुढे गेला?

सार्वजनिक धोरण म्हटलं की आपल्याला मंत्रालय, फाईल आणि जीआर आठवतो. आम्ही नागरिकशास्त्र शिकवताना मुलांना धोरणाचं चक्र सांगतो: मसला अजेंड्यावर येतो, पर्याय मांडले जातात, निर्णय होतो, अंमलबजावणी होते आणि शेवटी मूल्यमापन. हे चक्र समजायला आपल्याच शहराचा कचरा पुरेसा आहे.

केंद्राचे घनकचरा नियम 2000 साली आले. ओला-सुका कचरा वेगळा करा, 2003 च्या अखेरपर्यंत प्रक्रिया केंद्रं उभारा, असं त्यात स्पष्ट होतं. 2016 मध्ये सुधारित नियम आले आणि घरातच तीन भाग करायला सांगितलं: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा. तरीही आपल्या शहराचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा, रोजचा शेकडो टन कचरा तसाच एकत्र नारेगावला जाऊन पडत होता. धूर, वास, माश्या, खराब झालेलं विहिरीचं पाणी, या तिथल्या लोकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. म्हणजे समस्या होती, नियमही होता. पण मसला अजेंड्यावर नव्हता. कारण साधं आहे. त्रास नारेगावला होत होता आणि निर्णय घेणारे दुसरीकडे राहत होते.

फेब्रुवारी 2018 मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. काही दिवसांत कचरा शहराच्या चौकाचौकांत साचला, आणि जो मसला अनेक वर्षं हलला नव्हता तो थेट मुंबईत विधिमंडळात पोहोचला. हायकोर्टाच्या खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली.

आता पर्याय शोधायचे होते. पहिली धाव सोप्या पर्यायाकडे गेली: दुसरी जागा शोधा. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे गेल्या, तिथे लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, पोलिसांची कारवाई झाली. ज्यांच्या दाराशी कचरा जाणार त्यांना विचारलंच नव्हतं, मग दुसरं काय होणार? त्यानंतर कुठे प्रक्रियेचा पर्याय पक्का झाला. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी या जागा ठरल्या आणि राज्य सरकारने निधी मंजूर केला. चक्रातला निर्णयाचा टप्पा तो हाच: जागा, पैसा आणि जबाबदारी तिन्ही कागदावर येणं. यातलं एकही नसेल तर ती नुसती घोषणा असते.

खरी परीक्षा अंमलबजावणीची. एका वॉर्डाचा हिशोब मांडून बघू. समजा, रोज 10 टन कचरा निघतो आणि त्यातला निम्मा ओला आहे. वेगळा आला तर 5 टनांचं खत किंवा गॅस होतो, सुक्यातलं प्लास्टिक, पुठ्ठा, काच विकली जाते आणि पुरायला थोडंच उरतं. पण बाई दोन डबे आणून देते आणि गाडीवाला दोन्ही एकाच कप्प्यात ओततो, तेव्हा पुठ्ठा भिजतो, ओल्या कचऱ्यात काच आणि पिशव्या जातात, खत निकृष्ट होतं. केंद्रावर पुन्हा वेगळं करायला मजूर लागतात. आणि चार दिवस असं बघितल्यावर ती बाईही एकच डबा वापरू लागते. तिची चूक म्हणायची का?

यात कराराचाही वाटा असतो. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर कचरा वेगळा करण्यात त्याचा काहीच फायदा नाही. उलट ओला, जड, मिसळलेला कचरा त्याला परवडतो. कितीही जनजागृती करा, पैसा ज्या दिशेला ओढतो त्याच दिशेला काम जातं. वेगळा केलेल्या कचऱ्यासाठी जास्त दर आणि मिसळलेल्यासाठी कपात, अशी अट करारात असली तर चित्र बदलतं.

मूल्यमापनात तर मोठीच गल्लत होते. किती गाड्या घेतल्या, किती टन उचलला, हे आकडे अहवालात छान दिसतात. पण ते केलेल्या कामाचे आकडे आहेत, परिणामाचे नाहीत. परिणाम बघायचा तर प्रक्रिया केंद्रात रोज किती टन आला, त्यातून खत आणि सुका माल मिळून किती बाहेर गेला आणि आवारात किती साचून राहिला, हे विचारावं लागतं. ओला कचरा खत होताना वाळून हलका होतो, तेवढी सूट द्यावी. त्यानंतरही महिन्यागणिक ढिगारा वाढत असेल, तर नारेगाव फक्त नव्या पत्त्यावर गेलं असं समजायचं.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात केंद्राचं नाव आणि महिना लिहून हेच तीन आकडे मागता येतात. मोहल्ल्यातली तपासणी त्याहून सोपी: सकाळी गाडी आली की तिच्यात कप्पे किती आहेत आणि दोन डबे कुठे रिकामे होतात, आठवडाभर टिपून ठेवा. तीच वही वॉर्ड कार्यालयात दाखवली की चक्र परत पहिल्या टप्प्यावर येतं, आणि यावेळी रस्ता अडवावा लागत नाही.