क्रूझचं तिकीट आणि खरा हिशेब

सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ घ्या. बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त. बाल्कनीला बरेच जादा पडतात, पण जहाज बंदरात असताना तुम्ही बाहेरच भटकणार, म्हणजे बाल्कनी वापरणार कधी? माझं मत, बोट लागत असेल तर बाल्कनीपेक्षा खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा. तिथं हेलकावे कमी बसतात.

पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्यालाच लागतं, जुनं शहर पायी होतं. तिथं जहाजाची सहल कशाला? फुकेतला पातोंगसमोर नांगर टाकला, तर छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जावं लागतं. रांगेतच तास-दीड तास जाऊ शकतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर सहसा जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे.

आता बिल. सेवाशुल्क माणशी, दर रात्री लागतं, बहुतेकदा मुलांनाही. समजा 16 डॉलर. चौघांचे चार रात्रींचे 256. वायफाय, दारू, खास रेस्टॉरंट वेगळंच. बुकिंगआधी एजंटाकडून हे आकडे लेखी घ्या.