गोळ्या संपल्या आणि खाज सुरू झाली

दाढेच्या मुळाशी पू झाला म्हणून तिला पाच दिवसांचं औषध मिळालं होतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलेनिक ॲसिडची ६२५ची गोळी, जोडीला मेट्रोनिडॅझोल ४००. दाढ शांत झाली, गोळ्या संपल्या आणि दोन दिवसांनी तिला शाळेत खुर्चीवर बसवेना. योनीच्या तोंडाशी सतत खाज आणि लघवी करताना बाहेरच्या कातडीला आग. अंगावरून पांढरं जात होतं, पण नेहमीसारखं पातळ नव्हे, फुटलेल्या दह्यासारखं गुठळ्या-गुठळ्यांचं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झाली असेल, आणि त्यांनी धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दुप्पट खाज.

माझ्यासमोर बसल्यावर ती आधी काहीच बोलेना. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, हे नवऱ्याकडून तर आलं नसेल ना?"

नाही, तसं नव्हतं. पण मनात हा संशय घेऊन आठवडाभर घरात वावरणं काय असतं, हे मी अनेक बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या वयात योनीच्या आतल्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू तिच्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे आतला भाग आंबट राहतो. त्याचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि त्या आंबटपणात बरेच उपद्रवी जंतू टिकत नाहीत. याच वस्तीत अनेक निरोगी बायकांच्या अंगात कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, थोड्या प्रमाणात राहत असते. लॅक्टोबॅसिलसची दाट वस्ती तिला पसरू देत नाही.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. दाढेतला जिवाणू कुठला आणि योनीतला कुठला, हा फरक त्याला कळत नाही. बुरशीला मात्र त्याचा धक्काही लागत नाही. शेजारी उठून गेले की मोकळी जागा बुरशीची. गोल पेशींच्या रूपात गप्प पडलेली कँडिडा लांब तंतू काढते, ते आतल्या अस्तरात शिरतात, अस्तर लाल होतं, सुजतं आणि खाजतं. हे प्रत्येकीला होत नाही. ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या २३५ बायकांची पाहणी झाली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५५ जणींना, म्हणजे साधारण चारातल्या एकीला, हा त्रास झाला.

तिला तपासलं तेव्हा बाहेरची कातडी लालबुंद होती, घडीत बारीक चिरा पडल्या होत्या. लघवीची आग या चिरांची होती, मूत्रमार्गाची नव्हे. आत पांढरे पापुद्रे चिकटलेले होते आणि वास जवळजवळ नव्हताच. पीएचची पट्टी योनीच्या भिंतीला लावली तर ४ आला. स्रावाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. या द्रावणानं बाकीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी उघडी पडते. बांबूच्या कांड्यांसारखे जोडलेले तंतू आणि त्यांना लागलेले गोल कोंब स्पष्ट दिसत होते.

आणखी एक गोष्ट याच निदानाकडे बोट दाखवत होती. पांढरं जाण्याच्या दुसऱ्या दोन मोठ्या कारणांवर जे औषध देतात, ते मेट्रोनिडॅझोल ती नुकतंच घेऊन बसली होती. ती कारणं असती तर त्या गोळ्यांनी त्रास कमी व्हायला हवा होता, उलटा सुरू व्हायला नको होता.

पाळीची तारीख विचारून ती गरोदर नाही याची खात्री केली आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. साध्या त्रासाला एक पुरते. तिची कातडी सुजून चिरली होती म्हणून तीन दिवसांनी दुसरी दिली. बाहेरून लावायला नुसतं क्लोट्रिमॅझोलचं मलम दिलं. मेडिकलमधली ट्यूब बंद करायला लावली, कारण तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड आणि एक अँटिबायोटिकही होतं. स्टेरॉइडनं खाज दबते, म्हणून पहिले दोन दिवस बरं वाटतं, पण बुरशी आतून वाढत राहते. अशा मिश्र ट्यूब आपल्याकडे सर्रास काउंटरवर मिळतात. त्या या जागी लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर बाईला फ्लुकोनॅझोलची गोळी देत नाहीत. तिच्यासाठी क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी सात रात्री असते.

दोन-तीन दिवसांत खाज उतरली, आठवड्यात ती बरी झाली. नवऱ्याला औषध द्यायची गरज नव्हती. हा लैंगिक संबंधातून येणारा आजार म्हणून धरत नाहीत. नवऱ्याला स्वतःला खाज किंवा पुरळ असेल तरच त्याच्यावर उपचार करतात.

गोष्ट इथेच संपली असती तर हा लेख लिहिला नसता. सहा महिन्यांनी ती परत आली. या वेळी सर्दी-तापासाठी तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन घेतलं होतं, तेही मेडिकलमधून विचारून. पुन्हा पांढरं जाऊ लागलं, थोडी चुरचुर होती. तिनं मागची चिठ्ठी दाखवून फ्लुकोनॅझोल आणलं आणि घेतलं. आठवडा झाला, काही फरक नाही. तिला वाटलं, औषध लागू पडेनासं झालं.

मी विचारलं, खाज जास्त की वास जास्त? ती जरा थांबली आणि म्हणाली, "वास. मासळीसारखा. संबंध आल्यावर जास्तच."

त्या उत्तरानंच चित्र बदललं. स्राव या वेळी दुधासारखा पातळ, करडट पांढरा, भिंतींवर सारखा पसरलेला होता. कातडी लाल नव्हती. पीएच ५च्या वर गेला होता. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच तोच मासळीचा वास उसळला. काचेवर बुरशीचे तंतू नव्हते. अस्तराच्या पेशींवर मात्र जिवाणू इतके दाट चिकटले होते की पेशींच्या कडा पुसून गेल्या होत्या, जणू त्यांच्यावर रवा भुरभुरला असावा. ही बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यातही लॅक्टोबॅसिलस कमी झालेले असतात, पण रिकाम्या जागी बुरशीऐवजी दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात. बुरशीच्या गोळीनं ते मरणार नव्हतेच. सात दिवस मेट्रोनिडॅझोल दिलं आणि आधीच सांगून ठेवलं की हेही अँटिबायोटिकच आहे, यानंतर पुन्हा खाज सुरू झाली तर घरी प्रयोग न करता या.

बाई तीच, अँटिबायोटिकनंतर पांढरं जाण्याची तक्रारही तीच, आणि आजार वेगळा. अशी गल्लत करणारी ती एकटी नाही. अमेरिकेत दुकानातून बुरशीचं औषध स्वतःहून घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी झाली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निव्वळ कँडिडाचा त्रास जेमतेम एक तृतीयांश जणींना होता. बाकीच्यांपैकी काहींना जिवाणूंचा, काहींना दोन्हींचा, आणि काही जणींना कसलाच आजार नव्हता.

तिसरं कारण ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. त्याचा स्राव पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ असतो आणि वासही असतो. खाज मात्र कँडिडाइतकीच असू शकते, म्हणून खाजेवरून फसगत होते. तो संबंधातून येतो आणि त्यात जोडीदारालाही औषध द्यावंच लागतं. पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणी जाणारं, वास नसलेलं, न खाजणारं पांढरं हा तर आजारच नव्हे. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव किंवा नवा पॅड यांनीही कातडी खाजते. पांढरं फारसं नाही आणि खाज फक्त बाहेर आहे, असं असेल तर आधी हे वापरणं थांबवून बघावं.

तपासणीलाही मर्यादा आहेत. पाळीचं रक्त किंवा वीर्य असेल तर पीएच चुकीचा येतो. काचेवर बुरशी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असंही नसतं. लक्षणं ठाम असतील तर स्राव कल्चरला पाठवतात. आणि कल्चरमध्ये कँडिडा आली, पण बाईला काहीच त्रास नाही, तर औषध देत नाहीत. ती तिथली रहिवासीच असते.

दह्याबद्दल प्रत्येक जण विचारतं. दही जेवणात जरूर खावं, योनीत लावू नये. ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासाचा मूळ प्रश्न हाच होता: अँटिबायोटिकसोबत लॅक्टोबॅसिलस तोंडानं घेतला किंवा योनीत ठेवला तर हा त्रास टळतो का? टळला नाही. व्हिनेगर किंवा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं त्याहून वाईट, कारण उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

वर्षात तीनदा किंवा अधिक वेळा असं झालं तर रक्तातली साखर तपासायला हवी. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशीला खाद्य मिळतं. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त जाणं किंवा फोड, यांतलं काहीही असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर मेडिकलमध्ये न जाता थेट दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या तक्रारींची तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

खाज सुरू झाली म्हणून दाढेचं किंवा लघवीच्या संसर्गाचं औषध अर्ध्यावर सोडू नका. आणि पुढच्या वेळी कुणीही डॉक्टर अँटिबायोटिक लिहू लागला, मग तो दातांचा असो की कानाचा, तर लाज न बाळगता सांगा: मागच्या वेळी या औषधानंतर मला अंगावरून गेलं होतं आणि खाज आली होती. तिच्या सर्दीला तर ॲझिथ्रोमायसिनची गरजच नव्हती.