श्वास खालून, गंध वरून : हुंगल्याने नाकात नेमके काय घडते?

स्वयंपाकघरातील गॅसची गळती ओळखता यावी म्हणून मूळच्या जवळजवळ गंधहीन वायूत इथाइल मर्कॅप्टन हे उग्र दर्पाचे रसायन मिसळलेले असते. मात्र स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना हा दर्प जाणवत नाही. घशाच्या कर्करोगात कधी कधी ही शस्त्रक्रिया अटळ ठरते. तीत नाकाला हात लावलेला नसतो. गंध ओळखणाऱ्या पेशी आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसाही शाबूत असतात. तरीही वास येत नाही, याचे कारण नाकाच्या रचनेत दडलेले आहे.

बाहेरून एकच दिसणाऱ्या नाकाच्या पोकळीत दोन वेगळी क्षेत्रे असतात. पोकळीचा बहुतांश भाग श्वसनक्षेत्राने व्यापलेला आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील शिंपल्यासारखी वळलेली हाडे आणि त्यांवरील लालसर, ओलसर अस्तर हवेला ऊब व ओलावा देतात. अस्तरावरील सूक्ष्म केस श्लेष्मात अडकलेली धूळ घशाकडे ढकलतात. गंध ओळखण्याची क्षमता या भागात नाही. ती आहे पोकळीच्या अगदी छताशी, दोन डोळ्यांच्या मधोमध येणाऱ्या काही चौरस सेंटिमीटरच्या पिवळसर पट्ट्यात. या घ्राणक्षेत्रातील चेतापेशींचे धागे वरच्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून थेट मेंदूपर्यंत जातात.

अडचण अशी, की या पट्ट्याकडे नेणारी फट अवघी एक-दोन मिलिमीटर रुंद आहे आणि श्वासाचा मुख्य प्रवाह तिच्या खालून, मधल्या व तळाच्या मार्गांनी घशाकडे निघून जातो. शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. तिच्यातील साधारण दहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम ५० मिलिलिटर, छताकडे वळतो. तोही संथपणे. वाटेतील ओलसर अस्तरात सहज विरघळणारे गंधरेणू त्यामुळे अलीकडेच अडकून पडतात.

हुंगताना हे चित्र पालटते. छाती झटक्याने फुगते, नाकपुड्यांतून हवा दुपटीने किंवा त्याहून अधिक वेगाने शिरते आणि प्रवाहात भोवरे उठतात. हुंगल्याने हवेचा मोठा वाटा वर वळतो, असा सर्वसाधारण समज आहे. नाकातील प्रवाहाच्या संगणकीय प्रतिकृतींमध्ये मात्र हा वाटा हुंगतानाही दहाव्या हिश्श्याच्या आसपासच आढळला. बदलतो तो वेग. त्याच अवधीत कितीतरी अधिक गंधरेणू छताशी पोहोचतात आणि वाटेत विरघळण्यास त्यांना सवड उरत नाही. वास नीट यावा म्हणून पुन्हा पुन्हा हुंगण्याचीही फारशी गरज नसते. सहजपणे घेतलेला एक झटका बहुधा पुरेसा ठरतो.

स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाचा श्वास मानेवर केलेल्या छिद्रातून थेट श्वासनलिकेत जातो. छातीने कितीही जोर लावला तरी नाकातून हवा खेचली जात नाही, म्हणजेच त्याला हुंगताच येत नाही. यावर नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी सुचवलेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला उपाय अगदी साधा आहे. चारचौघांत आलेली जांभई तोंड न उघडता दाबावी, तशी कृती रुग्णाला शिकवली जाते. ओठ मिटलेले ठेवून खालचा जबडा, जीभ आणि तोंडाचा तळ एकदम खाली ओढायचा. तोंडाच्या आतील जागा वाढते, दाब कमी होतो आणि ती पोकळी भरण्यासाठी बाहेरची हवा नाकातून आत येते. फुफ्फुसांचा यात काहीही सहभाग नसतो. या प्रशिक्षणानंतर गंध हरपलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना तो पुन्हा येऊ लागल्याचे त्या अभ्यासात दिसले. सराव मात्र नित्य हवा. विसर पडला की गंधही दुरावतो.

सर्दीत किंवा नाकात मांसल गाठी वाढल्यावर वास जातो, तेव्हाही दोष बहुधा वाटेचाच असतो. सूज उतरली की गंध परततो. डोक्याला मार लागून चाळणीच्या हाडातील धागे तुटले, किंवा कोविडमध्ये घडले त्याप्रमाणे घ्राणक्षेत्राच्या आधारपेशींनाच इजा झाली, तर मात्र नाक मोकळे असूनही वास येत नाही आणि हुंगण्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी मेंथॉलचा थंडावा किंवा अमोनियाची झोंबणी जाणवते म्हणून गंध शाबूत आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. ती संवेदना श्वसनक्षेत्रातही पसरलेल्या वेगळ्या नसेची असते. कॉफी किंवा लवंगेसारख्या न झोंबणाऱ्या पदार्थाचा वास नाक मोकळे असतानाही येत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने छताजवळची ती फट उघडी आहे की बंद, हे पाहतात.