लाल डोळे, काळं कुंकू: जुन्या फोटोतली बाहुली दुरुस्त करताना

मंडळी, पडद्यावर दिसतोय तो आमच्या घरातल्या बारशाचा फोटो. साल 1996. आत्याच्या मांडीवर बाळ, मागे पाळणा, आणि दोघांचेही डोळे निखाऱ्यासारखे लाल. तेव्हाच्या छोट्या रोल-कॅमेऱ्यांत फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असायचा. खोलीत उजेड कमी, त्यामुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या. फ्लॅशचा प्रकाश बाहुलीतून सरळ आत गेला, डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून लाल होऊन परत फिरला आणि थेट भिंगात शिरला.

हा फोटो मी स्कॅन केला आणि GIMP मध्ये उघडला. तिथे Filters > Enhance > Red Eye Removal असा तयार फिल्टर आहे. पहिल्यांदा मी तो अख्ख्या फोटोवर चालवला. डोळे काळे झाले, पण आत्याच्या कपाळावरचं कुंकूही काळं झालं! साडीचे काठ काजळी धरल्यासारखे. आईने बघितलं आणि म्हणाली, "हे पुस आधी." तिचं बरोबरच होतं. फिल्टरला डोळा काय ते कळत नाही, त्याला फक्त लाल कळतो. डोळा कुठे आहे हे आपणच दाखवायचं असतं.

दाखवायचं म्हणजे निवड करायची. त्याआधी Shift+Ctrl+D दाबून लेयरची प्रत करून घ्या, मूळ लेयरला हात लावू नका. मग फोटो 400 टक्के मोठा करा, Ellipse Select घ्या, त्यातलं Feather edges चालू करून 2 पिक्सेल ठेवा आणि फक्त बाहुलीभोवती गोल काढा. बाहुली म्हणजे मधला काळा गोल, भोवतीचा तपकिरी भाग नव्हे. इथे एक अडचण येते. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत दीड सेंटिमीटरचा चेहरा असेल, तर 300 डीपीआयच्या स्कॅनमध्ये बाहुली जेमतेम नऊ पिक्सेलची भरते, तिच्यावर काम काय करणार? म्हणून स्कॅन 600 ला करा.

आता या गोलात नेमकं काय बिघडलंय ते बघू. समजा, एका पिक्सेलचे आकडे लाल 190, हिरवा 45, निळा 50 असे आहेत. बिघडलाय तो फक्त लाल. हिरव्या-निळ्यात बाहुलीचा खरा काळोख अजून शाबूत आहे. तेव्हा लालच्या जागी या दोघांची सरासरी घालायची. Colors > Components > Channel Mixer उघडा आणि Red channel मध्ये लाल 0, हिरवा 0.5, निळा 0.5 ठेवा. पिक्सेल होतो साधारण 48, 45, 50, म्हणजे गडद राखाडी. फारच फिकट वाटला तर Curves ने थोडा खाली ओढा.

यातली खरी गंमत त्या पांढऱ्या ठिपक्यात आहे. बाहुलीवर फ्लॅशचा बारीक चमकता ठिपका असतो, त्याचे आकडे समजा 250, 245, 240. सरासरीनंतर लाल 243 होतो, म्हणजे ठिपका पांढराच राहतो. पुष्कळ जण काळा ब्रश घेऊन बाहुली रंगवतात आणि हा ठिपका पुसून टाकतात. मग माणूस बाहुल्यासारखा दिसतो, शोकेसमधल्या.

फ्लॅशची पांढरी झळ ही मात्र वेगळी गोष्ट. चष्म्याच्या काचेवर तिन्ही आकडे 255 झाले की तिथे दुरुस्त करायला मागे काही उरतच नाही. मग Clone टूलने दुसऱ्या डोळ्यातून किंवा त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतून भाग आणावा लागतो. आणताना डोळा आरशासारखा उलटवलात, तर चमकता ठिपकाही चुकीच्या बाजूला जातो. तो पुसून पुन्हा योग्य बाजूला ठेवा.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: "नातीच्या फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा आला, तोही असाच काढायचा का?" काकू, तो काढू नका. फोटो जसाच्या तसा जपून ठेवा आणि नातीला लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, हा फोटो त्यांना दाखवा. मूल किंचित बाजूला बघत असेल, तर डोळ्याची नस जिथे आत येते त्या जागेवरून प्रकाश परततो आणि एकच बाहुली पांढरी दिसू शकते, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण लहान मुलांतला मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोगही फोटोत असाच दिसू शकतो, आणि तो लवकर सापडण्यावर डोळा, कधी जीवही, अवलंबून असतो. फोटो बघून यातलं कुठलं ते मी सांगू शकत नाही, ते तपासूनच कळतं. बाकी फोटोंतही तोच डोळा पांढरा येतो का, तेवढं मात्र आज घरी गेल्यावर बघा, आणि असे सगळे फोटो सोबत न्या.