फुकटाच्या रकान्यात काय लिहायचं?

माझ्या लघुपटाचं पहिलं अंदाजपत्रक वहीच्या एका पानावर मावलं होतं. कॅमेरा मित्राचा, लाइट दुसऱ्या मित्राचे, वाडा मावशीच्या सासरचा, कलाकार नाटकाच्या ग्रुपमधले. त्यामुळे बहुतेक ओळींपुढे मी शून्य लिहिलं होतं आणि खाली बेरीज आली होती ३८,००० रुपये. चौदा मिनिटांचा चित्रपट, तीन दिवसांचं शूटिंग, पुण्याहून सत्तर किलोमीटरवरचं गाव आणि चौदा माणसं. ते पान मी एका अनुभवी निर्मिती व्यवस्थापक बाईंना दाखवलं. त्यांनी बेरीज पाहिलीसुद्धा नाही. पेन्सिलीने प्रत्येक शून्याला गोल केला आणि विचारलं, "हा नाही आला तर?"

आमचं खरं अंदाजपत्रक या प्रश्नातून तयार झालं. फुकट काम करणारा माणूस किंवा उसनी आणलेली वस्तू खर्च संपवत नाही, तो दुसऱ्या ओळीवर ढकलते. पत्रक बनवायचं म्हणजे तो कुठे गेला ते शोधायचं.

साधी स्प्रेडशीट पुरते. पहिल्या रकान्यात बाब आणि दुसऱ्यात ती कुणाकडे आहे त्याचं नाव. तिसऱ्यात बाजारभाव, म्हणजे हेच काम पैसे देऊन करून घेतलं तर काय पडेल ते. चौथ्यात रोख, म्हणजे खिशातून प्रत्यक्ष जाणारे पैसे. पाचव्या रकान्याला आम्ही 'ऐनवेळी' असं नाव दिलं. आदल्या रात्री त्या माणसाचा फोन आला की "सॉरी रे, ऑफिसात अडकलोय", तर सकाळपर्यंत पर्याय उभा करायला काय लागेल, तो आकडा तिथे येतो. रोखीच्या रकान्यात शून्य चालतं, ऐनवेळीच्या रकान्यात मात्र ते क्वचितच खरं असतं.

रोखीची सुरुवात मी जेवणापासून करतो. पैसे न घेणाऱ्या माणसाचं मानधन म्हणजे वेळेवरचं गरम जेवण. मराठी माणसाला हे नव्याने सांगायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या आणि शिवाय फिल्मची कामंही. त्यांच्या त्या श्रमाचा बाजारभाव कुठल्याही पत्रकात लिहिला गेला नाही.

आमचा हिशेब असा होता. नाश्ता ५० रुपये, दोन वेळचं जेवण प्रत्येकी १२०, चहा, बिस्किटं आणि पाणी मिळून ६०. माणशी दिवसाला ३५० रुपये झाले. माणसं चौदा, पण ताटं सोळा धरली, कारण वाड्यातले काका-काकू आपल्याच अंगणात पंगत बसलेली असताना वेगळे जेवणार नव्हते. तीन दिवसांचे १६,८०० झाले. गावातल्याच दोन बायकांनी स्वयंपाक केला. तरी २,१०० रुपये जास्त गेले, कारण दुसऱ्या दिवशी रात्रीचा प्रसंग लांबला आणि साडेअकराला पुन्हा पोहे टाकावे लागले. फुकट टीमचा ओव्हरटाइम असा येतो, पोह्यांच्या आणि रात्री कुणाला तरी गाडीने एसटी स्टँडवर सोडण्याच्या रूपात. त्यामुळे दिवस बारा तासांवर जाईल असं वेळापत्रक असेल, तर एक खाणं जास्त धरा.

आता उसन्या कॅमेऱ्याकडे येतो. पहिल्या पानावर त्याच्यापुढे शून्य होतं. मित्राचा कॅमेरा दोन प्रकारे चित्रण करू शकत होता. हलक्या सेटिंगवर सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे तासाला ४५ जीबी. भारी सेटिंगवर ६०० मेगाबिट, म्हणजे तासाला २७० जीबी. चौदा-पंधरा मिनिटांच्या चित्रपटासाठी दहापट चित्रण धरलं, तर अडीच तासांचं मटेरियल होतं. पहिल्या सेटिंगवर ते साधारण ११२ जीबी, दुसऱ्यावर ६७५. आणि मित्राकडे कार्डं होती दोनच, १२८ जीबीची.

भारी सेटिंगवर एक कार्ड अठ्ठावीस मिनिटांत भरतं. मग कुणीतरी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसणार, कार्ड रिकामं करणार, कॉपी तपासणार, आणि तोपर्यंत दुसरंही भरत आलेलं असणार. चौदा माणसं उन्हात थांबतील आणि वाड्यातला दुपारचा तिरपा प्रकाश निघून जाईल. जादा कार्डं भाड्याने आणायची, एक माणूस फक्त कॉपीसाठी नेमायचा किंवा सेटिंग उतरवायची, एवढेच मार्ग होते. आम्ही सेटिंग उतरवली. एकच मोठा प्रसंग, कंदिलाच्या उजेडातला, भारी सेटिंगवर घेतला, कारण तिथे रंगांवर पुढे बरंच काम करायचं होतं. शिवाय एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क विकत घेतल्या, १०,००० रुपयांना. एक संकलकाकडे, दुसरी माझ्याकडे, घरं वेगळी. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवणं म्हणजे एकच डिस्क असणं. कॅमेरा फुकट देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: कुठल्या सेटिंगवर आणि कार्डं किती?

उसन्या लेन्सची गोष्ट वेगळी. भाड्याच्या दुकानात अनामत, पावती आणि अटी असतात. मित्राच्या बाबतीत फक्त संकोच असतो. लेन्स पडली तर तो "राहू दे" म्हणेल आणि नंतर फोन उचलणं बंद करेल. वस्तू ताब्यात घेताना पुढच्या-मागच्या काचेचे उजेडात फोटो काढा, अनुक्रमांक लिहा आणि दुरुस्तीचा खर्च कोण करणार ते व्हॉट्सॲपवर दोन ओळींत ठरवा. आम्ही लिहिलं होतं, "काहीही झालं तर खर्च आमचा, १८,००० पर्यंत." तो आकडा ऐनवेळीच्या रकान्यात गेला. त्या दोन ओळींमुळे लेन्स हाताळणारी मुलंही सावध राहिली.

एकाच माणसाला पैसे देता येत असतील, तर ते ध्वनिमुद्रकाला द्या, हे माझं ठाम मत आहे. कॅमेरा हौसेने विकत घेणारे पुष्कळ असतात, चांगला बूम माइक आणि तो धरता येणारा माणूस क्वचितच ओळखीत सापडतो. चित्र थोडं हललेलं प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो कंटाळतो. आम्हाला यंत्रसामग्रीसकट दिवसाला ५,००० या दराने माणूस मिळाला, म्हणजे १५,००० रुपये. पैसे दिलेला माणूस ऐनवेळी न येण्याची भीतीही कमी असते.

बाकीच्या ओळींवर रेंगाळत नाही. दोन गाड्यांचं पेट्रोल, लाइट नेणारा टेम्पो आणि गावातल्या फेऱ्या मिळून १०,०००. गाद्या, वाड्याचं वीजबिल आणि साफसफाई ४,५००. टेप, सेल, एक्स्टेन्शन बोर्ड, औषधं ३,०००. कपडे आणि वस्तू ६,०००. ध्वनिमिश्रणाचा स्टुडिओतला एक दिवस ८,०००. आणि नवखे हमखास विसरतात ती ओळ म्हणजे महोत्सवांची प्रवेश फी. आठ ठिकाणी सरासरी दीड हजार धरून १२,०००. रोख बेरीज ८५,३०० झाली.

आता राखीव निधी. सरसकट दहा टक्के धरायची पद्धत पगारी टीमला ठीक आहे, कारण तिथे करार असतो. आमच्याकडे करार नव्हते, म्हणून आम्ही ऐनवेळीच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा घेतला आणि त्यात रोख बेरजेचे दहा टक्के मिळवले:

```
=MAX(E2:E30)+0.1*SUM(D2:D30)
```

सर्वांत मोठा आकडा होता कॅमेऱ्याचा. मित्र आला नाही, तर कॅमेरा आणि चालवणारा माणूस दिवसाला ८,००० रुपये, तीन दिवसांचे २४,०००. त्यात ८,५३० मिळवले आणि रोख बेरीज धरून एकूण १,१७,८३० झाले. सगळे आकडे का बेरजेत घेतले नाहीत? कारण सगळेच एकदम गळत नाहीत. मात्र दोन फुकट माणसं एकाच ऑफिसात असतील किंवा एकाच गाडीने येणार असतील, तर ती एकदमच गळतात. त्यांचे आकडे एका ओळीत मिळवा.

३८,००० आणि १,१७,८३० हे एकाच चित्रपटाचे आकडे आहेत. दुसरा पाहून पोटात गोळा आला, पण वेळेत आला. आम्ही दोन लोकेशन एकात आणली आणि पैसे जमा व्हावेत म्हणून शूटिंग सहा आठवडे पुढे ढकललं.

वेळ हा फुकट टीमचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि त्याला रुपयांचा रकाना नाही. म्हणून मी दुसऱ्या पानावर तारखा लिहितो. ख्रिस्तोफर नोलनचा 'फॉलोइंग' (१९९८) मुख्यतः शनिवारी शूट झाला, कारण सगळ्यांना नोकऱ्या होत्या. त्याला जवळपास वर्ष लागलं. सत्यजित राय १९५२च्या ऑक्टोबरात 'पथेर पांचाली'साठी काशफुलांच्या मळ्यात गेले, तेव्हा तेही नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी काम करत होते. पुन्हा गेले तोवर गुरांनी फुलं खाऊन टाकली होती आणि पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. तुमच्या कथेत पाऊस, कणसं, मुलाची उंची किंवा नटाची दाढी असं काही बदलणारं असेल, तर ते सगळं सलग दिवसांत उरका, त्यासाठी एखाद्याला पैसे द्यावे लागले तरी. संकलनाचंही तसंच. फुकट संकलक रात्री जागून काम करतो, त्याला घाई करता येत नाही. आमच्या पहिल्या कटला चार महिने लागले, पण आम्ही पाच धरले होते, म्हणून महोत्सवाची तारीख चुकली नाही.

प्रत्यक्षात काय झालं? कॅमेऱ्याचा मित्र ठरल्या वेळी आला. लाइट देणारा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या कामासाठी निघून गेला, लाइट घेऊनच. रडारड झाली नाही, कारण पाचव्या रकान्यात तालुक्याच्या गावातल्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका दुकानाचं नाव आणि नंबर आधीच लिहिला होता. दीड दिवसाचे ६,००० रुपये पडले. पोह्यांसकट एकूण खर्च ९३,४०० झाला.

राखीव निधीतले २४,४३० उरले. त्यांना पहिले काही महिने कुणी हात लावला नाही. मग एका महोत्सवात निवड झाली आणि त्यांनी थिएटरमध्ये दाखवण्यासाठी डीसीपी मागितली. ती आम्ही उरलेल्या पैशांतून करून घेतली, आणि त्या दिवशी पत्रकात एक नवी ओळ वाढवली.